बडतर्फीवरच्या अपिलाला उत्तर: एक आरोप टिकला, एक गळला

‘आपल्या अपिलाचा सर्वंकष व सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. त्यात कोणतेही तथ्य आढळून येत नाही. सबब व्यवस्थापनाचा निर्णय कायम करण्यात येत आहे.’

बडतर्फीविरुद्ध केलेल्या अपिलाला कारखान्याकडून येणारं उत्तर बहुतेक वेळा या तीन वाक्यांत आटोपलेलं असतं. खाली सही, शिक्का, तारीख. कामगाराने चार पानं लिहिलेली असतात, पाच-सहा मुद्दे मांडलेले असतात आणि एकाही मुद्द्याचं नाव उत्तरात येत नाही. पुढे प्रकरण कामगार न्यायालयात गेलं की हाच कागद कंपनीच्या वकिलाला अडचणीचा होतो. ‘विचार केला’ असं लिहिलेलं असतं, पण काय विचार केला ते कुठेच नसतं. 1986 साली रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या ‘रामचंदर’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की अपील अधिकाऱ्याने म्हणणं ऐकून घेऊन कारणांसह निर्णय द्यायला हवा. तो खटला सरकारी नोकरीतला असला, तरी खासगी कारखान्याच्या अपिलाकडेही न्यायालय त्याच नजरेने पाहतं.

पुढचं प्रकरण नमुन्यादाखल बेतलेलं आहे. अशा फायलींमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं ते त्यात एकत्र आणलं आहे. उल्लेख केलेले कायदे आणि निकाल मात्र खरे आहेत. काळ 2023 चा, म्हणजे 1946 चा स्थायी आदेश कायदा लागू असतानाचा.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणारा एक कारखाना. कायम कामगार 160. स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटी आणि शिस्तीचे लेखी नियम, कंपनीचे स्वतःचे, रीतसर प्रमाणित करून घेतलेले. त्यात बडतर्फीविरुद्ध 21 दिवसांत संचालकांकडे अपील करण्याची सोय आहे. अपील करणारा पॉवर प्रेसवरचा ऑपरेटर, नोकरी 11 वर्षांची, गाव जळगाव जिल्ह्यात. पगार 21,000 च्या वर असल्यामुळे तो राज्य कामगार विम्यातून बाहेर पडलेला होता. म्हणून आजारपणात त्याने गावच्या खासगी डॉक्टरांचा दाखला आणला आणि सगळं रामायण त्या दाखल्यावरून घडलं.

बहिणीच्या लग्नासाठी त्याला 2 ते 6 मे अशी रजा मंजूर होती. 7 ला रविवार, 8 तारखेला सोमवारी त्याने पाळीवर यायचं होतं. तो उगवला 5 जूनला. मधले कामाचे दिवस 24. या काळात त्याच्याकडून एकच निरोप आला. 10 मे रोजी त्याने सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘साहेब टायफॉइड झालाय, येता येत नाही’. सुपरवायझरने ‘ठीक’ म्हणून उत्तर दिलं. त्यानंतर दोन्हीकडून शांतता. 22 मे रोजी कंपनीने त्याच्या नाशिकच्या खोलीच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवलं, ते ‘घर बंद’ शेऱ्यासह परत आलं. हजर होताना त्याने 3 जूनचा दाखला दिला: टायफॉइड, 8 मे ते 3 जून विश्रांतीची गरज.

एचआर अधिकाऱ्याला दाखला खटकला तो क्रमांकामुळे. दाखल्यावर छापील अनुक्रमांक होता 118 आणि तारीख 3 जून. त्याच गावच्या दुसऱ्या एका कामगाराने त्याच दवाखान्याचा दाखला आधीच दिलेला होता. त्याची तारीख 20 मे आणि क्रमांक 131. तारीख पुढे सरकलेली असताना क्रमांक मागे कसा गेला? शंका अगदी रास्त होती. 12 जूनला आरोपपत्र निघालं. पहिला आरोप: मंजूर रजा संपल्यावर विनापरवाना, सबळ कारणाशिवाय 24 दिवस गैरहजेरी. दुसरा आरोप: खोटा वैद्यकीय दाखला देऊन कंपनीची फसवणूक.

जुलै-ऑगस्टमध्ये चौकशीच्या चार बैठका झाल्या. बाहेरचे वकील चौकशी अधिकारी होते आणि बचावाला युनियनचा सहकारी. चौकशी अधिकाऱ्याने दोन्ही आरोप सिद्ध धरले. 3 ऑक्टोबरला कारखाना व्यवस्थापकाने बडतर्फीचा आदेश दिला आणि चौकशी अहवालाची प्रत त्या आदेशालाच टाचून दिली. आदेशात एक वाक्य होतं: ‘आपला पूर्वेतिहास (2019 व 2021 मधील गैरहजेरीबद्दलच्या ताकिदी) पाहता आपण सहानुभूतीस पात्र नाही.’ 17 ऑक्टोबरला, म्हणजे मुदतीत, अपील आलं.

अपिलाचे मुद्दे कामगाराच्या भाषेत सरमिसळ होते. मी मेसेज केला होता. दाखला खरा आहे. अहवाल आधी दिला नाही. गेल्या वर्षी दुसरा ऑपरेटर 30 दिवस गैरहजर होता, त्याला नुसती ताकीद दिली. मॅनेजरसाहेबांचा माझ्यावर राग आहे. मला दोन मुलं आहेत. उत्तर लिहिणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे ही सरमिसळ निवडणं. प्रश्न मुळात तीनच असतात. चौकशी आणि आदेशाची रीत बरोबर होती का? प्रत्येक आरोप चौकशीत आलेल्या पुराव्यावर उभा राहतो का? आणि जे उभं राहील, तेवढ्यावर ही शिक्षा पेलते का? तिसऱ्याचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असतं, पण घाईत लोक तिसऱ्यापासूनच सुरुवात करतात. ‘कामावर परत घ्यायचा की नाही’ हे आधी ठरतं आणि कारणं मागून गोळा केली जातात.

उत्तराचा पहिला मसुदा, वर दिलेली तीन वाक्यं, त्याच एचआर अधिकाऱ्याने तयार केला होता ज्याने चौकशीत साक्ष दिली होती. हे चालत नाही. साक्षीदारानेच अपिलाचा निकाल लिहायचा आणि संचालकांनी खाली सही करायची, यात अपील उरतंच कुठे? संचालकांनी तो कागद बाजूला ठेवला आणि कामगाराला 25 ऑक्टोबरला सुनावणीचं पत्र पाठवलं. हे पत्र मला या फायलीतलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. त्यात तारीख आणि वेळ होतीच, शिवाय 2019 आणि 2021 च्या दोन्ही ताकिदींच्या प्रती जोडून लिहिलं होतं: ‘शिक्षेचा विचार करताना हे कागद पाहिले गेले आहेत, त्याबद्दल तुमचं म्हणणं मांडा. चौकशी अहवाल आधी मिळाला असता तर तुम्ही त्यावर काय लिहिलं असतं, तेही लेखी आणा.’

यामागे दोन निकाल आहेत. 1963 च्या मंचे गौडा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराबाबत म्हटलं की शिक्षा ठरवताना जुना इतिहास वापरायचा असेल तर तो आधी त्या माणसाला दाखवावा लागतो. आणि 1993 च्या करुणाकर प्रकरणात ठरलं की चौकशी अधिकारी आणि शिक्षा देणारा वेगळा असेल, तर शिक्षा ठरण्यापूर्वी अहवालाची प्रत द्यायलाच हवी. हा नियम खासगी आस्थापनांनाही लागू आहे. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की प्रत दिली नाही एवढ्याने आदेश आपोआप रद्द होत नाही, त्या चुकीने माणसाचं खरोखर नुकसान झालं का ते पाहायचं. अनेक कंपन्यांना यातला पहिला भाग माहीत नसतो, आणि ज्या कामगारांना पहिला माहीत असतो त्यांना दुसरा नसतो.

2 नोव्हेंबरच्या सुनावणीत कामगाराने लेखी म्हणणं दिलं आणि इथे प्रकरणाला वळण मिळालं. अहवालात लिहिलं होतं: ‘दाखला खोटा असल्याचे व्यवस्थापनाच्या साक्षीदाराने निःसंदिग्धपणे सांगितले असून उलटतपासात ते अबाधित राहिले.’ प्रत्यक्ष कार्यवाहीच्या नोंदीत उलटतपास असा होता:

प्रश्न: तुम्ही दवाखान्यात गेला होतात का?
उत्तर: नाही.
प्रश्न: डॉक्टरांना पत्र लिहिलं का?
उत्तर: नाही.
प्रश्न: डॉक्टर एकाच वेळी दोन पुस्तकं वापरत असतील, हे शक्य आहे का?
उत्तर: मला माहीत नाही.

याला ‘अबाधित’ म्हणत नाहीत. अहवाल आधी मिळाला असता तर कामगाराने याच ओळीवर बोट ठेवलं असतं, आणि कदाचित व्यवस्थापकानेही ती पाहिली असती. म्हणजे दुसऱ्या आरोपाबाबत नुकसान झालं. पहिल्या आरोपाबाबत मात्र नाही, कारण 24 दिवस तो कामावर नव्हता हे त्याने पहिल्याच बैठकीत मान्य केलं होतं. अहवाल आधी मिळाला असता तरी त्या आकड्यात फरक पडला नसता. एकाच चुकीचं वजन दोन आरोपांवर वेगवेगळं पडतं, आणि उत्तरात ते तसंच वेगवेगळं लिहायला हवं.

आता खरी पंचाईत. 6 नोव्हेंबरला एचआरने संचालकांच्या टेबलावर एक टिपण ठेवलं: आज संबंधित डॉक्टरांशी फोनवर बोललो, असा दाखला दिल्याचं आठवत नाही असं ते म्हणाले. संचालकांना साहजिकच वाटलं की हे तर महत्त्वाचं आहे, उत्तरात घेऊ या. पण ते घेता येत नाही. अपील अधिकारी चौकशीत आलेल्या पुराव्याचं वजन पुन्हा करू शकतो. चौकशी संपल्यावर, कामगाराच्या पाठीमागे, फोनवर मिळालेलं वाक्य तो त्यात टाकू शकत नाही. शिवाय ‘आठवत नाही’ आणि ‘दिला नाही’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते उलटतपासातच कळतं. 2009 च्या रूपसिंग नेगी प्रकरणात, तेही बँकेच्या कर्मचाऱ्याचं, सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं होतं: कागद नुसते दाखल केल्याने आरोप सिद्ध होत नाही, ते सिद्ध करणारा साक्षीदार लागतो, आणि शंका कितीही दाट असली तरी ती पुराव्याची जागा घेत नाही.

मग दुसरा आरोप फेरचौकशीला परत पाठवावा का? हा पर्याय संचालकांकडे होता आणि एचआरचा आग्रहही तोच होता. डॉक्टर आयत्या वेळी उपलब्ध नव्हते, किंवा चौकशी अधिकाऱ्याने साक्षीदार बोलवायला नकार दिला होता, असं काही असतं तर परत पाठवणं शोभलं असतं. इथे डॉक्टरांचं नाव-पत्ता दाखल्यावरच छापलेलं होतं, चार बैठका झाल्या, आणि व्यवस्थापनाने त्यांना बोलवायचा अर्जच केला नाही. आपण सोडलेली फट आपल्याच हातात असलेल्या अपिलातून बुजवायची, हे फेरचौकशीचं कारण होऊ शकत नाही. कोणी म्हणेल, कामगार न्यायालयात कंपनीला पुरावा द्यायची संधी मिळतेच ना? मिळते, वेळेवर तशी विनंती केली असेल तर. पण तिथे निकाल देणारा तिऱ्हाईत असतो आणि डॉक्टर पिंजऱ्यात उभे असतात.

टिपणाचं काय करायचं, हाही प्रश्न होता. फाडून टाकणं सोपं असतं. संचालकांनी ते फायलीत ठेवलं, त्यावर ‘विचारात घेतले नाही’ असा शेरा मारला आणि तसं कामगाराला उत्तरात कळवलं. उद्या ते टिपण कोणाच्या हाती लागलं तर गुपचूप वाचून निर्णय दिला असा आरोप होऊ नये, एवढंच त्यामागचं कारण.

पहिला आरोप वरवर सरळ दिसतो, पण दाखल्याचा आरोप गळला की त्याचाही पाया हलतो. दाखला खोटा ठरला नाही, तर आजारपण हे कारण झटकून टाकता येत नाही. 2012 च्या कृष्णकांत परमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की गैरहजेरी जाणूनबुजून होती का हे तपासल्याशिवाय ती कर्तव्यात कसूर ठरत नाही, आजारपणामुळे येता आलं नसेल तर ती जाणूनबुजून म्हणता येत नाही. म्हणून 24 दिवसांचा गठ्ठा सोडून तारखा पाहाव्या लागल्या. उलटतपासात कामगार स्वतःच म्हणाला होता, ‘25 तारखेनंतर ताप नव्हता, अशक्तपणा होता. 27 ला जळगावला पाहुण्यांकडे कार्यक्रमाला गेलो होतो.’ 8 ते 24 मे या काळातले कामाचे दिवस 15, आणि 25 मे ते 3 जून या काळातले 9. पहिल्या भागात आजार, आणि अर्धामुर्धा का होईना निरोप. दुसऱ्या भागात प्रवास होऊ शकत होता, फोन होऊ शकत होता, रजा वाढवून मिळण्याचा अर्ज जाऊ शकत होता. यातलं काहीच झालं नाही.

शेवटी 22 नोव्हेंबरला गेलेलं उत्तर असं होतं. त्यातला शिष्टाचाराचा भाग आणि कागदांची यादी गाळली आहे.

‘आपले दि. 17 ऑक्टोबर 2023 चे अपील, दि. 2 नोव्हेंबर रोजीचे आपले तोंडी व लेखी म्हणणे, आरोपपत्र, चौकशीची संपूर्ण कार्यवाही, चौकशी अहवाल व बडतर्फीचा आदेश मी वाचला आहे. माझा निर्णय व त्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

बडतर्फीपूर्वी आपणांस चौकशी अहवालाची प्रत देण्यात आली नाही, ही आपली तक्रार खरी आहे. ती देणे आवश्यक होते. या त्रुटीचा परिणाम प्रत्येक आरोपाबाबत स्वतंत्रपणे पाहिला आहे.

आरोप क्र. 2 (खोटा दाखला): दाखल्याचा अनुक्रमांक आधीच्या तारखेच्या दाखल्यापेक्षा कमी आहे, एवढाच पुरावा व्यवस्थापनाने दिला. ही विसंगती शंका घेण्यास पुरेशी असली तरी दाखला खोटा ठरविण्यास पुरेशी नाही. दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष घेण्यात आली नाही. व्यवस्थापनाच्या साक्षीदाराने आपण कोणतीही पडताळणी केली नसल्याचे उलटतपासात मान्य केले. साक्ष अबाधित राहिली, हा चौकशी अधिकाऱ्यांचा निष्कर्ष नोंदींशी जुळत नाही. त्यामुळे हा आरोप सिद्ध होत नाही. या आरोपावरील निष्कर्ष मी रद्द करीत आहे. सुनावणीनंतर दि. 6 नोव्हेंबर रोजी या संदर्भात माझ्याकडे एक टिपण आले. ते चौकशीचा भाग नसल्याने व त्यावर आपले म्हणणे घेतलेले नसल्याने मी ते विचारात घेतलेले नाही.

आरोप क्र. 1 (गैरहजेरी): 24 दिवसांची गैरहजेरी आपण मान्य केली आहे. अहवाल आधी मिळाला असता तर याबाबत आपण वेगळे काय मांडले असते, असे मी सुनावणीत विचारले. आपण आजारपणाचेच कारण सांगितले व ते मी पूर्णपणे विचारात घेतले आहे. दि. 8 ते 24 मे या कालावधीतील 15 दिवसांबाबत आजारपणाचे कारण नाकारण्याजोगा पुरावा नाही. दि. 10 मे चा आपला संदेश सुपरवायझरना मिळाला होता. या 15 दिवसांपुरता आरोप सिद्ध होत नाही. दि. 25 मे ते 3 जून या कालावधीतील 9 दिवसांबाबत, ताप उतरला होता व आपण जळगावला गेला होतात, हे आपण स्वतः सांगितले आहे. विश्रांतीची गरज होती असे धरले, तरी रजा वाढवून मागण्यास किंवा कळविण्यास कोणतीही अडचण नव्हती. या 9 दिवसांपुरता आरोप सिद्ध होतो.

इतर मुद्दे: आपण उल्लेख केलेल्या दुसऱ्या कामगाराने गैरहजेरीच्या तिसऱ्या दिवशी लेखी अर्ज पाठविला होता. त्यामुळे दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत. तथापि 30 दिवसांच्या गैरहजेरीस ताकीद देण्यात आली, ही बाब शिक्षेचे प्रमाण ठरविताना मी लक्षात घेतली आहे. व्यवस्थापकांच्या आकसाबाबत आपण कोणतीही घटना, तारीख किंवा कागद दिलेला नाही. तो मुद्दा मान्य करता येत नाही.

शिक्षा: बडतर्फीचा आदेश दोन्ही आरोप सिद्ध झाले असे धरून देण्यात आला होता. गंभीर आरोप आता उरलेला नाही. आपली सेवा 11 वर्षांची आहे. 2019 ची ताकीद आपण मान्य केली असून ती विचारात घेतली आहे. एप्रिल 2021 च्या ताकिदीपूर्वी आपला खुलासा मागविल्याची नोंद नाही; ती विचारात घेतलेली नाही. चौकशी सुरू असताना आपण कामावर होतात व त्या काळात आपल्याविरुद्ध तक्रार नाही. 9 दिवसांच्या गैरहजेरीस बडतर्फी ही शिक्षा अवाजवी ठरते.

सबब दि. 3 ऑक्टोबर 2023 चा बडतर्फीचा आदेश रद्द करण्यात येत आहे. आपणांस दि. 1 डिसेंबर 2023 पासून पूर्वीच्याच पदावर, सेवासातत्यासह कामावर घेण्यात येईल. सिद्ध झालेल्या गैरवर्तनाबद्दल आपली एक वार्षिक वेतनवाढ एक वर्षासाठी, पुढील वेतनवाढींवर परिणाम न होता, रोखण्यात येत आहे. मे महिन्यातील 15 दिवस आपल्या शिल्लक रजेत व उर्वरित बिनपगारी रजेत धरण्यात येतील. 9 दिवसांचे वेतन मिळणार नाही. दि. 3 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर या कालावधीचे निम्मे वेतन डिसेंबरच्या पगारासोबत देण्यात येईल.’

या उत्तरात शिक्षेचा परिच्छेद सगळ्यात कसोटीचा आहे. चौकशी चालू असताना कंपनीने त्याला निलंबित केलं नव्हतं. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत तो रोज प्रेसवर उभा होता. आणि मग बडतर्फीच्या आदेशात ‘विश्वास उडाला’ असं लिहायचं! विश्वास खरोखर उडालेला माणूस आपण चार महिने मशीनवर ठेवत नाही. हा मुद्दा कामगाराने अपिलात मांडलाही नव्हता, तरी संचालकांनी तो स्वतःहून घेतला. अपिलात नसलेली, पण कागदावर दिसणारी आणि कामगाराच्या बाजूची गोष्ट घ्यायला हरकत नसते. उलट दिशेने मात्र तसं करता येत नाही.

वेतनवाढ रोखण्याची शिक्षाही मनाने काढलेली नाही. स्थायी आदेशांत शिक्षांची यादी असते आणि तिच्या बाहेरची शिक्षा देता येत नाही. या कंपनीच्या प्रमाणित आदेशांत वेतनवाढ रोखणं होतं म्हणून ते वापरता आलं. स्वतःचे आदेश न करता सरकारने घालून दिलेल्या आदर्श स्थायी आदेशांवर चालणाऱ्या कारखान्यात तेव्हा ताकीद, दंड, चार दिवसांपर्यंत निलंबन आणि बडतर्फी एवढंच हाती होतं. तिथे चार दिवसांच्या निलंबनावर भागवावं लागलं असतं. ‘दोन वर्षं बदली’, ‘पद कमी’ असल्या कल्पना उत्तरात घालण्याआधी ती यादी काढून समोर ठेवावी.

निम्म्या पगाराबद्दल माझं मत संचालकांपेक्षा वेगळं आहे. 2013 च्या दीपाली सुरवसे प्रकरणात, म्हणजे आपल्या तेव्हाच्या औरंगाबादच्या शिक्षिकेच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बडतर्फी चुकीची ठरली तर सेवासातत्य आणि मागचा पूर्ण पगार हा सर्वसाधारण नियम आहे. मात्र गैरवर्तन कितपत सिद्ध झालं आणि मधल्या काळात माणूस दुसरीकडे कमावत होता का, हेही पाहायचं. इथे कामगाराने सुनावणीत प्रामाणिकपणे सांगितलं होतं की ऑक्टोबरमध्ये त्याने मिळेल तिथे रोजंदारी केली. संचालकांनी या दोन्ही गोष्टी धरून निम्मा पगार दिला. तो समर्थनीय आहे, पण हे कारण उत्तरात लिहिलेलं नाही आणि या उत्तराचा तो एकमेव कच्चा दुवा आहे. वेतनवाढ रोखून शिक्षा झाल्यावर निम्मा पगारही गेला, म्हणजे कामगाराला ती दुसरी शिक्षाच वाटणार. मी पूर्ण पगारातून रोजंदारीची रक्कम वजा करून बाकीचा दिला असता, किंवा निदान दोन ओळींचं कारण तरी लिहिलं असतं.

उत्तराच्या तारखेकडेही पाहायला हवं. महाराष्ट्रात 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रार 90 दिवसांत करावी लागते. अपील पडून आहे म्हणून ती मुदत थांबत नाही. 3 ऑक्टोबरपासून मोजलं तर वर्षअखेरीला ती संपते. कंपनीने उत्तर डिसेंबरअखेरपर्यंत लांबवलं असतं, तर कामगाराने वाट न पाहता तक्रार दाखल केलीच असती, आणि त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत किरकोळ गैरवर्तनाला धक्कादायक मोठी शिक्षा देणं ही अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. मधली दिवाळी धरूनही पाच आठवड्यांत आलेलं उत्तर वेळेतच म्हणायला हवं.

निर्णय फिरवल्यावर एचआरने एक शेवटचा प्रयत्न केला. हजर करून घेताना कामगाराकडून 100 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र घ्यावं: ‘यापुढे मी विनापरवाना गैरहजर राहिल्यास कोणतीही नोटीस वा चौकशी न करता मला कामावरून कमी करावे, माझी हरकत राहणार नाही.’ अनेक कारखान्यांत असा कागद तयार छापलेला असतो. संचालकांनी तो नाकारला. गैरहजेरीवरून चौकशीशिवाय नाव पटावरून काढता येत नाही, स्थायी आदेशांत तसं लिहिलेलं असलं तरीही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये डी. के. यादव प्रकरणात स्पष्ट केलं आहे. जे प्रमाणित स्थायी आदेशांनी साधत नाही ते हमीपत्राने कसं साधणार? त्याऐवजी कामगाराकडून एका साध्या फॉर्मवर गावचा पत्ता आणि घरातल्या एका माणसाचा फोन नंबर भरून घेतला. 22 मेचं पत्र त्या पत्त्यावर गेलं असतं, तर 25 तारखेनंतरच्या 9 दिवसांचा प्रश्न बहुधा उद्भवलाच नसता.